रिलिव्हिंग लेटर हातात आल्यावर: एचआर एक्झिक्युटिव्हचे आभार कसे मानावेत

पहिल्यांदाच नोकरी बदलणाऱ्यांसाठी हे लिहीत आहे. शेवटच्या दिवशी सगळ्यांना निरोपाचा मेल जातो. त्यात साहेबांचे आभार असतात, टीमचे असतात, एखाद्या जुन्या सहकाऱ्याचं नावानिशी कौतुकही असतं. पण ज्या व्यक्तीने गेले काही आठवडे तुमची फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर हलवत नेली, तिचं नाव त्यात क्वचितच असतं. एचआर विभागात जॉइनिंग आणि एक्झिटची कामं करणारे लोक मी अनेक वर्षं जवळून पाहत आलो आहे. लोकांचा राग त्यांच्या वाट्याला रोज येतो आणि आभाराचं पत्र फार थोड्या वेळा येतं. आलं तरी ‘सगळ्या मदतीबद्दल धन्यवाद’ एवढंच त्यात असतं, आणि ते वाचून नेमकं काय चांगलं झालं हे त्यांनाही कळत नाही, त्यांच्या वरिष्ठांनाही नाही.

जॉइनिंगबद्दल शेवटी थोडं सांगतो. जास्त जागा एक्झिटला देतोय, कारण न दिसणारं काम तिथेच जास्त असतं आणि आभाराच्या पत्रात घोळही तिथेच होतात.

आधी काम कुणी केलं ते शोधा

रिलिव्हिंग लेटर म्हणजे कंपनीने तुम्हाला नोकरीतून मुक्त केल्याचं पत्र. त्यावर सही बहुधा एचआर प्रमुखांची असते. ते पत्र तयार करणारी, त्यासाठी लागणारी माहिती गोळा करणारी व्यक्ती मात्र वेगळी असते. मोठ्या कंपन्यांत तर मेल एखाद्या सामाईक पत्त्यावरून येतात आणि खाली फक्त ‘एचआर ऑपरेशन्स’ लिहिलेलं असतं. अशा वेळी तुमच्या राजीनाम्यापासूनचे सगळे मेल एकदा वरून खाली वाचून काढा. ‘तुमची अमुक क्लिअरन्स बाकी आहे’ असं कुणी कळवलं होतं? तुमच्या मॅनेजरला आठवण करणाऱ्या मेलमध्ये कुणाचं नाव होतं? फोन कुणाचा आला होता? तरीही नाव कळलं नाही तर सरळ विचारा: ‘माझी एक्झिटची फाइल कोण पाहत होतं?’ या प्रश्नात संकोच वाटण्यासारखं काही नाही.

त्या व्यक्तीने काय काय केलं असेल, हेही समजून घ्यायला हवं, नाहीतर आभार कशाचे मानायचे तेच कळत नाही. राजीनामा मंजूर झाल्यावर नोटीस पिरियडप्रमाणे शेवटचा दिवस ठरतो. तो प्रणालीत चढवावा लागतो. मग आयटी, अ‍ॅडमिन, अकाउंट्स आणि तुमचा स्वतःचा विभाग अशा सगळ्यांकडून ‘यांच्याकडे आमचं काही येणं नाही’ अशी मंजुरी मिळवावी लागते. यालाच नो ड्यूज किंवा क्लिअरन्स म्हणतात. उरलेल्या रजा आणि कमी पडलेले नोटीसचे दिवस यांची माहिती पगार विभागाकडे जाते, आणि तीही महिन्याच्या ठरलेल्या तारखेच्या आत जावी लागते, नाहीतर हिशेब पुढच्या महिन्यावर जातो. रिलिव्हिंग लेटर आणि एक्स्पीरिअन्स लेटर तयार होतं, सहीला जातं. पीएफच्या नोंदीत नोकरी सोडल्याची तारीख भरली जाते. ती राहून गेली तर पुढे रक्कम नव्या खात्यात वळवताना अडतं, आणि तोवर तुम्ही जुन्या कंपनीत कुणाला ओळखतही नसता.

यातलं बरंचसं काम एक्झिक्युटिव्हच्या स्वतःच्या हातात नसतं. मंजुरी दुसरे विभाग देतात आणि ते एचआर एक्झिक्युटिव्हच्या हाताखाली नसतात. आयटीतल्या माणसाला त्यांना विनंतीच करावी लागते, आणि आठवण करावी लागते ती समोरचा वैतागणार नाही अशा बेताने. ‘सुरळीत’ झालेल्या एक्झिटमागे हा पाठपुरावा असतो. म्हणून आभार मानायचे ते मुख्यतः या पाठपुराव्याचे. पगार किती ठरला, नोटीस किती दिवसांची होती, हे निर्णय त्यांचे नसतात. त्याबद्दल त्यांचे आभार मानणं चुकीच्या दारावर थाप मारण्यासारखं आहे.

आभाराआधी कागद तपासा

शेवटच्या दिवशी संध्याकाळी आभाराचा मेल पाठवायची घाई करू नका. त्या वेळी अनेकदा काहीच हाती आलेलं नसतं. शेवटच्या दिवशी प्रत्यक्ष भेटून किंवा फोनवर दोन शब्द जरूर बोला, पण लेखी पत्र रिलिव्हिंग लेटर मिळून, तपासून झाल्यावरच लिहा.

तपासताना पाच गोष्टी पाहाव्यात. तुमच्या नावाचं स्पेलिंग ओळखपत्रावर आहे तसंच आहे का. रुजू झाल्याची तारीख नेमणूक पत्राशी जुळते का. शेवटचा दिवस म्हणून जी तारीख लिहिली आहे ती खरोखर शेवटच्या दिवसाची आहे की राजीनामा दिल्याच्या दिवसाची, कारण या दोन तारखांची अदलाबदल बऱ्याच वेळा होते. पदाचं नाव सध्याचं आहे की बढतीच्या आधीचं. आणि पत्र लेटरहेडवर असून त्यावर सही आहे का. नवी कंपनी पार्श्वभूमीची पडताळणी करते तेव्हा याच तपशिलांची जुन्या कंपनीकडे खातरजमा केली जाते. पत्रात एक तारीख आणि एचआरच्या नोंदीत दुसरी असेल तर अडचण तुम्हालाच येते.

चूक सापडली तर तेवढ्याचाच एक वेगळा मेल करा. कुठल्या ओळीत काय आहे आणि काय हवं ते लिहा, सोबत पुरावा म्हणून नेमणूक पत्र किंवा बढतीचं पत्र जोडा. त्या मेलमध्ये आभाराचं लांबलचक प्रास्ताविक नको. ‘पत्र मिळालं, धन्यवाद. एक दुरुस्ती हवी आहे’ एवढं पुरे. मुख्य आभाराचं पत्र दुरुस्त झालेला कागद हाती आल्यावर पाठवा. स्तुती करून शेवटी काम सांगितलं की आधीची सगळी स्तुती कामासाठीच होती असं वाचणाऱ्याला वाटतं, आणि तसं वाटणं चूकही नाही.

फुल अँड फायनलचा, म्हणजे नोकरी सोडतानाच्या सगळ्या देण्या-घेण्याचा, हिशेब यायला आणखी वेळ लागू शकतो, कारण तो पगार विभागाच्या चक्रात जातो. त्यासाठी आभार अडवून ठेवू नका. रिलिव्हिंग लेटर बरोबर मिळालं की आठवड्याभरात पत्र लिहा. आठवणी ताज्या असतात तोवर तपशील नीट लिहिता येतो. मात्र पत्र फक्त जे मिळालं आहे त्याबद्दलच लिहा. पुढे हिशेबही वेळेत आला तर तेव्हा दोन ओळी वेगळ्या लिहिता येतील.

एक उदाहरण: अडकलेला लॅपटॉप

समजा, तुम्ही एका कंपनीच्या दुसऱ्या गावातल्या शाखेत अकाउंट्समध्ये होता. शेवटचा दिवस ३० जून. नव्या ठिकाणी ७ जुलैला रुजू व्हायचं आहे आणि त्यांनी रिलिव्हिंग लेटर पहिल्याच दिवशी मागितलं आहे. लॅपटॉप तुम्ही २६ जूनला कुरिअरने मुख्य कार्यालयात पाठवला. कुरिअरवाला म्हणतो पोचला. आयटी विभाग म्हणतो, आमच्याकडे आलेला नाही. क्लिअरन्स अडली, आणि क्लिअरन्सशिवाय पत्र निघत नाही.

इथे एक्झिक्युटिव्ह मॅडमनी तुमच्याकडून कुरिअरच्या पावतीचा फोटो मागवला. पावतीवरचा क्रमांक त्यांनी मुख्य कार्यालयातल्या आवक नोंदवहीशी ताडून पाहिला. खोका २८ तारखेलाच आला होता, फक्त तो रिसेप्शनच्या मागच्या खोलीत दुसऱ्या विभागाच्या सामानात राहिला होता. त्यांनी तो आयटीकडे पोचवला, आयटीने तपासणी करून २ जुलैला मंजुरी दिली, आणि ३ जुलैला पत्र तुम्हाला मिळालं. पत्रात पद बढतीच्या आधीचं होतं. तुम्ही दुपारी कळवलंत, संध्याकाळी दुरुस्त पत्र आलं. या सगळ्या काळात तुम्हाला फक्त एकदा फोन करावा लागला, बाकी दर वेळी त्यांनीच कळवलं.

आता घाईत लिहिलेलं पत्र बहुतेक वेळा असं असतं:

> आदरणीय मॅडम,
>
> माझ्या एक्झिटच्या संपूर्ण प्रक्रियेत आपण केलेल्या अमूल्य सहकार्याबद्दल मी आपला अत्यंत आभारी आहे. आयटीची क्लिअरन्स यायच्या आधीच आपण माझं पत्र तयार करून ठेवलंत हे मी कधीही विसरणार नाही. मला सगळी कागदपत्रं आणि सर्व हिशेब व्यवस्थित मिळाला. आपल्या आधीच्या एचआरपेक्षा आपलं काम कितीतरी चांगलं आहे. फुल अँड फायनल कधीपर्यंत येईल तेवढं कृपया कळवावं.

भावना खरी आहे, पण यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य बदलावं लागेल.

पहिलं वाक्य कुणीही कुणालाही लिहू शकेल. त्यात लॅपटॉप नाही, पावती नाही, तारीख नाही. ‘अमूल्य सहकार्य’ वाचून वरिष्ठांना काहीच कळणार नाही.

दुसरं वाक्य जास्त गंभीर आहे. क्लिअरन्स येण्याआधी पत्र तयार ठेवणं कदाचित त्या कंपनीच्या पद्धतीत बसत असेल, कदाचित नसेल. तुम्हाला ते माहीत नाही. त्यांनी तुमची निकड पाहून मसुदा तयार ठेवला असेल, आणि तुम्ही ते लिहून वरिष्ठांना प्रत पाठवलीत तर त्यांना खुलासा द्यावा लागू शकतो. नवखे लोक नेमकं हेच मोठ्या प्रेमाने लिहितात: ‘नियमाबाहेर जाऊन मदत केलीत’, ‘माझ्यासाठी अपवाद केलात’. हे प्रत्यक्ष भेटीत किंवा फोनवर सांगा. लेखी पत्रात फक्त तेच काम लिहा जे त्यांनी उघडपणे, चोखपणे केलं.

तिसऱ्या वाक्यात तुमचं स्वतःचं नुकसान आहे. हिशेब अजून आलेला नाही, तरी तुम्ही ‘सर्व हिशेब मिळाला’ असं लिहून देताय. उद्या रजेच्या रकमेत फरक निघाला तर हाच मेल समोर ठेवला जाऊ शकतो. आभाराचं पत्र म्हणजे पोचपावती नाही. ‘माझं काही येणं बाकी नाही’, ‘सर्व बाबी पूर्ण झाल्या’ अशी वाक्यं त्यात सहज म्हणूनही येऊ देऊ नका. हिशेबाची पावती कंपनी वेगळ्या कागदावर मागते, ती रक्कम तपासूनच द्यायची असते.

चौथं वाक्य दुसऱ्या कुणाला तरी दुखावतं. तो माणूस कदाचित त्याच विभागात आजही असेल. पाचवं वाक्य हे काम आहे, त्याची जागा दुसऱ्या मेलमध्ये.

हेच पत्र पुन्हा लिहून पाहू. पाठवायचा दिवस ८ जुलै, म्हणजे नव्या ठिकाणी रुजू झाल्याचा दुसरा दिवस. त्यामुळे कामाचा परिणाम काय झाला हेही सांगता येतं.

> विषय: रिलिव्हिंग लेटर वेळेत मिळालं, मनापासून आभार
>
> नमस्कार मॅडम,
>
> मी अकाउंट्स विभागात होतो, माझा शेवटचा दिवस ३० जून होता. एम्प्लॉयी कोड खाली लिहिला आहे.
>
> शाखेतून कुरिअरने पाठवलेला माझा लॅपटॉप आयटीच्या नोंदीत दिसत नव्हता आणि त्यामुळे क्लिअरन्स थांबली होती. तुम्ही माझ्याकडून कुरिअरची पावती मागवलीत, ती आवक नोंदीशी ताडून पाहिलीत आणि लॅपटॉप आयटीपर्यंत पोचवलात. त्यामुळे २ जुलैला क्लिअरन्स झाली आणि ३ जुलैला पत्र माझ्या हातात आलं. पत्रातल्या पदाची दुरुस्तीही मी कळवल्याच्या दिवशीच झाली.
>
> दर टप्प्यावर काय झालं आणि पुढे काय होईल, हे मी विचारण्याआधी तुम्ही कळवत होतात. त्या आठवड्यात मला त्याचा फार आधार वाटला.
>
> काल मी नव्या ठिकाणी रुजू झालो. माझी कागदपत्रं पहिल्याच दिवशी पूर्ण होती, मुदत मागावी लागली नाही.
>
> मनापासून आभार.
>
> (नाव, एम्प्लॉयी कोड)

यात मोठे शब्द नाहीत, तरी काम किती झालं ते दिसतं. अडचण काय होती, त्यांनी काय केलं, त्याने काय झालं, असा क्रम ठेवला की पत्र आपोआप नेमकं होतं. ज्याने ही फाइल कधी पाहिलीच नाही अशा वरिष्ठालाही ते एका वाचनात कळतं. लांबी एवढीच असावी. मोबाइलच्या पडद्यावर फार वर-खाली न करता वाचून व्हावं.

दोन जागा मी मुद्दाम जपून लिहिल्या आहेत. खोका रिसेप्शनच्या मागे पडून होता हे पत्रात नाही, कारण ते लिहिलं की आभाराचं पत्र रिसेप्शनची तक्रार होऊन बसतं. ‘नोंदीत दिसत नव्हता’ एवढ्याने काम भागतं. दुसरी जागा पदाच्या दुरुस्तीची. ती चूक एक्झिक्युटिव्हची असू शकते किंवा प्रणालीतल्या जुन्या माहितीची. तुम्हाला नक्की माहीत नसतं, म्हणून ‘तुम्ही चूक लगेच सुधारलीत’ असं न लिहिता ‘दुरुस्ती त्याच दिवशी झाली’ असं लिहिलं. वरिष्ठांना प्रत जाणार असेल आणि चूक त्यांचीच होती याची खात्री असेल, तर ते वाक्य गाळलेलं उत्तम.

पाठवताना

इथे एक तांत्रिक गोष्ट आहे, जी एचआरमध्ये काम केल्याशिवाय सहसा लक्षात येत नाही. अनेक कंपन्यांत एचआरच्या विनंत्या तिकिटाच्या स्वरूपात नोंदवल्या जातात. तुमचं काम झालं की तिकीट बंद होतं. त्या बंद तिकिटाच्या मेलला तुम्ही ‘खूप खूप आभार’ असं उत्तर दिलंत, तर काही प्रणालींमध्ये ते तिकीट आपोआप पुन्हा उघडतं. मग ते त्या एक्झिक्युटिव्हच्या नावावर प्रलंबित कामांत दिसू लागतं आणि त्यांना ते परत बंद करत बसावं लागतं. म्हणून आभाराचं पत्र नेहमी नव्या मेलमध्ये लिहा, त्यांच्या स्वतःच्या पत्त्यावर. जुन्या मेलच्या साखळीत उत्तर म्हणून नको. तिकीट बंद होताना अभिप्राय मागणारी लिंक आली असेल तर तीही भरा. ते गुण त्यांच्या कामाच्या आकडेवारीत जातात.

एक्झिटनंतर तुमचा ऑफिसचा मेल बंद झालेला असतो, म्हणजे पत्र वैयक्तिक पत्त्यावरून जाणार. बाहेरून आलेला, अनोळखी पत्त्याचा मेल स्पॅममध्ये जाऊ शकतो किंवा न उघडता राहू शकतो. म्हणून एक्झिटच्या काळात ज्या वैयक्तिक पत्त्यावर त्यांनी तुम्हाला कागद पाठवले, त्याच पत्त्यावरून लिहा. विषयात ‘धन्यवाद’ एवढाच शब्द नको, कामाचं नाव हवं. सुरुवातीलाच विभाग, शेवटचा दिवस आणि एम्प्लॉयी कोड सांगा. महिनाअखेरीला एका एक्झिक्युटिव्हकडे अनेकांच्या फायली एकदम असतात, त्यामुळे तुमच्या नावावरून चेहरा लगेच आठवेलच असं नाही. पगाराचे आकडे, बँकेचा तपशील, ओळखपत्रांचे क्रमांक यांचं या पत्रात काही काम नाही.

भाषा तीच ठेवा ज्या भाषेत त्या कार्यालयात कामाचे मेल चालतात. वरिष्ठांना मराठी वाचता येत नसेल तर मराठीतलं सुंदर पत्रही त्यांच्यापर्यंत पोचत नाही. संबोधनही रोजचंच असू द्या. तुम्ही त्यांना मॅडम म्हणत असाल तर मॅडम, नावाने हाक मारत असाल तर नावाने. महिनाभर ‘तुम्ही’ म्हणून पत्रात अचानक ‘आपण’ आणि ‘आदरणीय’ आलं की ते पत्र दुसऱ्या कुणीतरी लिहून दिल्यासारखं वाटतं.

वरिष्ठांना प्रत पाठवावी का? माझं मत स्पष्ट आहे: काम नियमात राहून, चोख झालं असेल तर जरूर पाठवा. एक्झिक्युटिव्हचं काम नीट झालं की ते दिसतच नाही, अडलं की मात्र लगेच वर तक्रार जाते. वर्षाच्या अप्रेझलमध्ये ‘मी काय केलं’ हे दाखवायला त्यांच्याकडे अशी पत्रंच असतात. मेलमध्ये तारखांसह काम लिहिलेलं असेल तर ते तिथे उपयोगी पडतं, ‘अमूल्य सहकार्य’ पडत नाही. प्रत त्यांच्या थेट वरिष्ठांना पाठवा. विभागप्रमुख, संचालक, तुमचे जुने मॅनेजर, आयटी अशी रांग लावू नका. आयटीतल्या माणसानेही धावपळ केली असेल तर त्याला वेगळा मेल लिहा. नाहीतर पत्र वाचणाऱ्यांत ‘माझं नाव का नाही’ हा प्रश्न उभा राहतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश पाठवला तरी त्यांना आनंदच होईल, पण तो मेलसारखा कामाच्या नोंदीत सहज जपून ठेवता किंवा दाखवता येत नाही. दोन्ही करायला हरकत नाही. लिंक्डइनवर जाहीर पोस्ट लिहायची असेल तर आधी त्यांना विचारा, आणि रिलिव्हिंग लेटरचा फोटो तिथे टाकू नका. त्यापेक्षा तिथली लेखी शिफारस जास्त कामाची असते. ती दाखवायची की नाही हे त्यांच्या हातात राहतं, कारण त्यांनी स्वीकारल्याशिवाय ती त्यांच्या पानावर दिसत नाही. भेटवस्तू मात्र टाळा. अनेक कंपन्यांत भेटींबद्दल नियम असतात आणि एचआरच्या माणसालाच ती नाकारताना अवघड होतं.

सगळं सुरळीत झालं नसेल तर

कधी पत्र उशिरा आलेलं असतं, तरी एका माणसाने मनापासून धडपड केलेली असते. अशा वेळी खोटं ‘सगळं उत्तम झालं’ लिहू नका आणि रागाने आभारही गिळू नका. त्या माणसाचं काम वेगळं काढून लिहा: ‘पत्राला वेळ लागला, पण दर दोन दिवसांनी स्थिती कळवल्याबद्दल तुमचे आभार. त्यामुळे मला नव्या कंपनीकडून मुदत घेता आली.’ उशिराबद्दल तक्रार करायची असेल तर ती एक्झिट इंटरव्ह्यूच्या फॉर्ममध्ये किंवा वेगळ्या मेलमध्ये करा. एकाच पत्रात दोन्ही आलं की आभार विसरले जातात आणि तक्रार तेवढी लक्षात राहते.

जॉइनिंगच्या वेळी

रुजू झाल्यावर वेळ थोडी वेगळी निवडावी लागते. पहिल्या दिवशी आयडी कार्ड, लॅपटॉप आणि मेल सुरू झाला की सगळं झालं असं वाटतं, पण जॉइनिंगच्या कागदांची खरी परीक्षा पहिल्या पगाराच्या स्लिपवर होते. नाव, रुजू झाल्याची तारीख, बँक खातं, पीएफचा जुना क्रमांक जोडला गेला की नवीनच तयार झाला, कराच्या नोंदीसाठी दिलेला क्रमांक बरोबर आहे का, हे सगळं तिथे कळतं. म्हणून पहिल्या दिवशी तोंडी आभार, आणि लेखी मेल पहिली स्लिप तपासल्यावर.

तो छोटाच असावा, कारण तुम्ही आता त्याच इमारतीत आहात आणि रोज भेटणार आहात. नेमकेपणाचा नियम मात्र तोच. ‘जुन्या कंपनीचं एक्स्पीरिअन्स लेटर यायला उशीर होता तेव्हा तोवर काय चालेल हे तुम्ही आधीच सांगितलंत, त्यामुळे माझी जॉइनिंगची तारीख पुढे गेली नाही’ असं एक वाक्य पुरेसं आहे. इथे वरिष्ठांना प्रत पाठवायची तर आणखी एका गोष्टीचं भान ठेवा. तुम्ही नवीन आहात. आठवड्याभरात मोठ्या लोकांना प्रती घालून लिहिलेला स्तुतीचा मेल ओळख वाढवण्यासाठी लिहिल्यासारखा वाटू शकतो. मी सांगेन, पहिला मेल फक्त त्या व्यक्तीला पाठवा. प्रोबेशन संपताना कन्फर्मेशनचं पत्र मिळेल, तेव्हा जॉइनिंगपासूनच्या सगळ्या कामाचा उल्लेख करून लिहिलेल्या मेलची प्रत वर पाठवता येईल. तोवर तुमच्याकडे लिहिण्यासारखं जास्त असेल, आणि वाचणारेही तुम्हाला कामावरून ओळखत असतील.

राहता राहिला एक प्रसंग. तुम्ही पत्र लिहायला बसलात आणि कळलं की ती एक्झिक्युटिव्हच कंपनी सोडून गेली आहे. जुन्या पत्त्यावर मेल पाठवून उपयोग नाही, तो बंद असतो किंवा दुसऱ्याकडे वळवलेला असतो. अशा वेळी त्यांच्या जुन्या वरिष्ठांना दोन ओळी लिहून ते पत्र पुढे पाठवण्याची विनंती करा, किंवा लिंक्डइनवर त्यांना गाठून तेच पत्र तिथे द्या. त्यांचा वैयक्तिक फोन क्रमांक सहकाऱ्यांकडून काढू नका. स्वतः एचआरमध्ये असलेल्या माणसाला कर्मचाऱ्यांची माहिती जपण्याची सवय असते, आणि आपला क्रमांक असा फिरलेला त्यांना आवडत नाही.